हरलेल्या कॅप्टनचं भाषण

ज्वारीची काढणी सुरू झाली की आमच्या ऑफिसात माणसांच्या पाठी धरायला लागतात. ज्वारीला आमच्यापैकी कुणी हात लावत नाही, ही गोष्ट वेगळी. पण नेमक्या त्याच दिवसांत तालुक्यातल्या सरकारी कार्यालयांची मैत्रीपूर्ण क्रिकेट स्पर्धा असते, आणि वर्षभर खुर्चीत मुरलेली माणसं एका संध्याकाळी सरावाला अचानक पळायला लागतात. दुसऱ्या दिवशी रजेचे अर्ज येतात. परवा सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं आणि दारातच मलमाचा वास नाकात शिरला. फायलींच्या वासावर मात करणारा वास वर्षातून एवढ्याच दिवसांत येतो. मी ओळखलं, सीझन आला.

दुपारी व्हॉट्सॲपवर वर्षभर झोपलेला ग्रुप जागा झाला. कुणीतरी बॅटचा फोटो टाकला, कुणीतरी मागच्या वर्षीच्या भांडणाचा. मग कुणीसं विचारलं, "यंदा भाषण कुणाचं?" त्यावर हसण्याच्या चित्रांची रांग लागली आणि त्या रांगेत माझं नाव तीनदा आलं. मला सगळे अण्णा म्हणतात. मी भूमी अभिलेखच्या, म्हणजे जमीन मोजणीच्या ऑफिसात शिरस्तेदार आहे आणि क्रिकेट संघाचा कॅप्टन आहे. कॅप्टन आहे याचा अर्थ मी चांगला खेळतो असा कुणी काढू नये. मैदानाच्या परवानगीचा अर्ज बिनचूक लिहिणारा दुसरा माणूस संघात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमचं मैदान केडगावच्या पुढे, पुणे रस्त्यापासून थोडं आत, एका शाळेचं आहे. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कुथत जात असतात आणि त्यांच्या टेपवरची गाणी वाऱ्यावर तुटक तुटक येतात. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं. त्याची काळी राख उडत येऊन पांढऱ्या टी-शर्टवर बसते आणि झटकायला गेलं की पसरते. सकाळी गारवा, दुपारी चटका. कडुनिंबानं पानं टाकलेली, त्यामुळं सावली म्हणून जी असते ती नावालाच. तोंडात सतत धूळ. पण टेनिस बॉल बॅटच्या मधोमध लागला की जो 'टप्प' असा भरलेला आवाज येतो, तो ऐकला की साठीला टेकलेला माणूसही एक्स्ट्रा कव्हरकडे मान वळवतो. मला त्या आवाजाचं वेड आहे, हे कबूल करायला लाज कसली.

या स्पर्धेचे दोन रिवाज आहेत. ते कुणी सुरू केले माहीत नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही.

पहिला असा की, जो संघ बॅटिंग करतो त्यानंच अंपायर द्यायचे. बाहेरून अंपायर आणायचे तर त्यांचं जाणं-येणं, जेवणखाण कोण बघणार? म्हणून ज्यांची बॅटिंग, त्यांचेच दोन जण उभे. एक बोलरकडे, एक स्क्वेअर लेगला. गल्लीत सगळे असंच खेळतात. याचा परिणाम काय होतो ते सांगायला नको. आपल्या माणसाला आऊट द्यायचं म्हणजे संध्याकाळी त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसून घरी जायचं असतं. त्यामुळं आमच्या स्पर्धेत वाइड फार पडतात आणि रन-आऊट फार कमी होतात. वीज ऑफिसचा एक अंपायर तर फलंदाज अर्ध्या पिचवर असताना 'नॉट आऊट' म्हणाला होता आणि वर "लाइट गेली हुती डोळ्यापुढं" असं कारण सांगितलं होतं. सगळे हसले, खेळ पुढं गेला.

दुसरा रिवाज असा की, समारोपाचं भाषण हरलेल्या संघाच्या कॅप्टननं करायचं. जिंकणाऱ्याला कप, हरणाऱ्याला माइक. वाटणी रास्त आहे. जिंकलेला माणूस बोलायला उभा राहिला की तो स्वतःबद्दलच बोलतो. हरलेल्याला नाइलाजानं दुसऱ्यांचे आभार मानावे लागतात. मी आजवर हे भाषण इतक्यांदा केलं आहे की आमच्या संघाच्या कामगिरीबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही.

आभाराच्या भाषणाला लोक सोपं समजतात. सोपं मुळीच नाही. समोर दमलेली, घामट, भुकेली माणसं बसलेली असतात आणि पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये रश्शाला उकळी फुटलेली असते. त्या वासाशी तुमची स्पर्धा असते. म्हणून पाहुण्यांना आधी, पण एका वाक्यात उरकायचं. आमचे पाहुणे म्हणजे साहेब लोक, आणि नगर जिल्ह्यातल्या साहेबांना कुठल्याही दिवशी संध्याकाळी शिर्डीला कुणीतरी मोठा माणूस दर्शनाला येणार म्हणून पळायचंच असतं. त्यांच्यानंतर समोरच्या संघाचं. नुसतं 'प्रतिस्पर्ध्यांनी उत्तम खेळ केला' असं म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. नाव घ्यायचं आणि त्यानं काय केलं ते सांगायचं. 'अमक्यानं बाउंड्रीवर पळत जाऊन घेतलेला झेल' असं म्हटलं की तो अमका वर्षभर तुमच्या ऑफिसात आला की हसून बोलतो. त्यानंतर अंपायर. अंपायर नेहमी आपल्या खेळाडूंच्या आधी घ्यायचे, कारण आपल्या खेळाडूंची नावं सुरू झाली की शिट्ट्या होतात आणि शिट्ट्यांनंतर कुणी ऐकत नाही. शेवटी मैदान देणारी शाळा, पिचवर पाणी मारणारा टँकरवाला, स्कोअर मांडणारा, माइकवाला. माइकवाल्याचं नाव विसरलात तर तो तुमच्या शेवटच्या वाक्याला शिट्टी वाजवतो, हा माझा अनुभव आहे. आणि 'हार-जीत महत्त्वाची नाही' हे वाक्य हरलेल्यानं कधी म्हणू नये. ते आंबट लागतं.

हे सगळं शहाणपण मला एका वर्षी पुरलं नाही.

त्या वर्षी रमजान मार्चच्या तोंडावर आला होता आणि आमची फायनल बरोबर रोज्यांच्या दिवसांत आली. फायनलला आम्ही होतो, आणि या खेपेस जिंकायची आशा होती. समोर पंचायत समिती. आमचे अंपायर ठरलेलेच होते, बोलरकडे शिपाई दातीर आणि स्क्वेअर लेगला रज्जाकभाई. रज्जाकभाई शेख आमच्याकडचे जुने भूकरमापक. मोजणीला जाणारा माणूस. उंच, कमी बोलणारा, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. ऑफिस त्यांना चाचा म्हणतं. मी त्यांना म्हटलं होतं, "रोजा आहे, दिवसभर उन्हात उभं राहायचं म्हणजे... दुसऱ्या कुणाला उभं करू." ते म्हणाले, "उन्हात उभं राहायचा पगार घेतो की मी, अण्णा. मोजनीला काय मांडव घालत्यात व्हय?" मी त्यांचंच नाव कायम ठेवलं. रोज्यात हा माणूस रोज मोजणीला जात होता.

आता मैदान आखण्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आलं. मोजणीचं ऑफिस म्हटल्यावर मैदान आखायचं काम दरवर्षी आमच्या गळ्यात. आम्ही ते अभिमानानं करतो. पिचची लांबी टेपनं दोनदा तपासतो, कोपरे काटकोनात घेतो, इतकं नीट मैदान तालुक्यात दुसरं नसेल. त्या वर्षी क्रीजवर चुन्याची फक्की टाकायचं काम संदीप आव्हाडनं केलं. संदीप आमचा तरुण भूकरमापक, संघातला एकुलता एक खरा फलंदाज आणि मोजणीला रज्जाकभाईंचा जोडीदार. दोघं एकाच मोटारसायकलवर गावोगाव जातात. संदीपनं पिच बिनचूक मोजलं, पण फक्की टाकताना घमेलं हातातून थोडं जास्तच कललं आणि क्रीजची रेघ चांगली वीतभर रुंद झाली. आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, "संदीप, क्रीज हाय का बांध?" तो म्हणाला, "दिसायला पाहिजे लांबून." तेवढ्यावर विषय संपला.

रेघेला जाडी असते, ही गोष्ट आमच्याइतकी कुणाला माहीत नाही. नकाशावरची रेघ पेन्सिलीची, पण तीच जमिनीवर उतरली की तिची एक पट्टी होते आणि त्या पट्टीवर दोन भाऊ कोर्टात जातात. आता रोव्हर आले, उपग्रहावरून मोजणी होते, तरी शेवटी शेतकरी विचारतो ते एकच, "बांध कुनाचा?" आम्ही सांगतो, बांध दोघांचा, हद्द बांधाच्या मधोमध. हे वाक्य आमच्या लोकांनी इतक्यांदा म्हटलंय की ते झोपेतही म्हणतील.

फायनलचा शेवटचा चेंडू आला तेव्हा आम्हाला बरोबरीला दोन धावा हव्या होत्या. बरोबरी झाली असती तर कप आमचा, कारण आधीच्या फेरीत आम्ही वर होतो. बॅटिंगला संदीप, दुसऱ्या टोकाला मी. त्यानं चेंडू मिड-विकेटला ढकलला आणि पळाला. एक धाव झाली. दुसरीला वळलो तेव्हा माझ्या मागं मोठा गलका झाला. माझी पाठ त्या बाजूला होती आणि माझं सगळं लक्ष माझ्या गुडघ्यांकडं होतं. मी क्रीजमध्ये पोहोचून वळून बघतोय तर बेल्स खाली, संदीप आडवा पडलेला, बॅट पुढं ताणलेली, आणि स्क्वेअर लेगला रज्जाकभाईंचं बोट वर.

एका धावेनं हरलो. पंचायत समितीवाले नाचत मैदानात आले. आमचे लोक मात्र त्यांच्याकडं न जाता रज्जाकभाईंकडं गेले.

"चाचा, बॅट रेघंवर हुती!" संदीप ओरडत होता. "निम्म्याच्या म्होरं हुती!"

"रेघेवर होती," रज्जाकभाई म्हणाले. "म्हनून तर आऊट. रेघेच्या आत टेकाया पाहिजे."

"हद्द मधोमध असती! तुमीच शिकवलंय मला!"

"ती बांधाची. ही क्रीज हाय."

हे ऐकून मला त्याही वेळी हसू आलं असतं, पण कुणाचाच चेहरा हसण्यासारखा नव्हता. नियम रज्जाकभाईंच्या बाजूनं होता. क्रिकेटात रेघेवरची बॅट आत धरत नाहीत, ती रेघेच्या पलीकडं, स्टंपकडच्या अंगाला टेकावी लागते. हे टीव्ही बघणाऱ्या पोरालाही माहीत आहे. आमच्या लोकांनाही माहीत होतंच. त्यांचा राग नियमावर नव्हता. आपल्याच अंपायरनं, आपल्याच बॅटिंगला, कपाच्या चेंडूवर बोट वर केलं, यावर होता. रेघ तर संदीपच्या घसरण्यानं पुसून गेली होती, आता मोजायलाही काही उरलं नव्हतं. "चाचा, निदान डाऊट तरी द्यायचा," असं कुणीतरी म्हणालं. रज्जाकभाई म्हणाले, "डाऊट नव्हता."

ते तिथून निघाले ते शेडकडं न येता एकटेच आपल्या मोटारसायकलपाशी गेले.

मला इतक्या वर्षांत एक कळलं आहे. ऑफिसातला राग मैदानात निघतो आणि मैदानातला राग ऑफिसात जातो. तो दुसरा फार वाईट. शेडच्या मागं आमचा संघ घोळका करून उभा होता आणि संदीप सांगत होता, "उद्यापास्नं मी चाचाबरोबर मोजनीला जानार न्हाई. अण्णा, दुसरा मानूस द्या त्यांना." दुसरा माणूस कुठून देणार? मोजणीला जोडीदार लागतोच. एक यंत्रापाशी, दुसरा हद्दीवर, आणि मध्ये दोन्ही बाजूंचे शेतकरी आरडाओरडा करत असतात. तिथं जोडीदाराचा भरवसा नसेल तर काम होत नाही. आणि संदीप नाही म्हणाला की बाकीचेही नाही म्हणणार होते, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. रज्जाकभाईंची नोकरी अजून बरीच शिल्लक होती. ती एकट्यानं, न बोलता काढायची पाळी आली असती.

"आन् भाषनात नाव घेऊ नका त्यांचं," दुसरा म्हणाला. "घेतलं तर आमी उठून जाऊ."

मग आमच्यातला एक समजूतदार माणूस पुढं आला. तोडगे काढणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. तो हळूच म्हणाला, "अण्णा, असं करा ना. म्हना की चाचा रोज्याला हुते. दिवसभर उन्हात, पाणी न्हाई, डोळ्यापुढं अंधारी आली. मानूसच हाय, चूक हुते. तरी उभे राहिले म्हनून आभार. त्यांचंबी राहील आन् आपलंबी."

खरं सांगतो, मला तोडगा आवडला. टाळ्या मिळाल्या असत्या. रोज्याचं नाव घेतलं की समोरचे पाहुणेही मान डोलावतात. संघ शांत झाला असता, संदीपची बॅट 'आत' झाली असती, आणि रज्जाकभाईंवर कुणाचा राग राहिला नसता. सगळ्यांनी त्यांना माफ केलं असतं. पण माफ करायला त्यांनी केलं काय होतं, एवढं मात्र मला पुढं सरकू देईना. मी म्हटलं, "आधी त्यांना विचारतो."

निंबाच्या खराट्यासारख्या फांद्यांखाली रज्जाकभाई गाडीला टेकून उभे होते. ओठ कोरडे पडले होते. मी म्हटलं, "चाचा, पोरं चिडलीत. मी भाषणात एवढंच म्हणतो की रोजा होता, ऊन होतं..."

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "अण्णा, उपाशी हुतो म्हनून आऊट दिला, असं म्हनू नका. आऊट हुता म्हनून दिला. रोजा माझा हाय. तो असा वापरू नका." मग म्हणाले, "नाव नका घेऊ, त्येचं काय न्हाई. मी निघतोच. रोजा सोडायला घरी पोचायला पाहिजे मगरिबच्या आत."

"चाचा, भाषण होईपर्यंत थांबा," मी म्हटलं. "मग जा."

"कशाला?"

मी नुसतं "थांबा" म्हटलं. वयानं मी धाकटा असलो तरी हुद्द्यानं वरचा आहे, आणि आयुष्यात त्या हुद्द्याचा मला उपयोग झालेला हा एकमेव प्रसंग असेल. ते थांबले.

आता कधी कधी ऑफिसात निरोप समारंभ होतात, बदल्या होतात, आणि मी आभार मानायला उभा राहतो तेव्हा मला जाणवतं की आभारात खोटं फार खपतं. 'अथक परिश्रम', 'मोलाचं सहकार्य' हे शब्द कुणाच्याही अंगाला बसतात. त्यात वाईट कुणाचं होत नाही म्हणून आपण ते वाटत सुटतो. पण एखाद्याचे आभार मानताना त्याचं खरं काम झाकून भलतंच पुढं केलं, तर ते आभार त्या माणसाला चिमटा घेतात. हे मला त्या दिवशी माइककडं चालत जाताना समजलं.

ऊन उतरलं होतं. साहेबांनी कप दिला, फोटो झाले, मनगटावरचं घड्याळ दोनदा बघितलं. शिर्डीला जायचं होतंच. कप पंचायत समितीचे कॅप्टन लोंढे यांनी डोक्यावर धरला. लोंढे ग्रामसेवक, आवाज असा की माइकची गरज नाही. आमचा संघ मागच्या बाजूला सतरंजीच्या काठावर बसला होता, उठून जायला सोपं पडावं असा. रज्जाकभाई त्यांच्यापासून दूर, खांबाला टेकून उभे. मी माइक घेतला.

साहेबांचे आभार एका वाक्यात मानले. पंचायत समितीच्या बोलरचं नाव घेतलं, पहिल्याच षटकात त्यानं आमचे दोन काढले होते. मिड-विकेटवरून ज्यानं तो शेवटचा चेंडू फेकला त्याचंही नाव घेतलं आणि म्हटलं, "असा थ्रो बसला की भाडोत्री गुडघे घेऊन पळणाऱ्यांनी काय करावं?" लोक हसले. आमच्यातलेही एक-दोन हसले, मग गप्प झाले. आता अंपायर होते.

मी म्हणालो, "आमच्या बॅटिंगला आमचे दोन अंपायर उभे होते. बोलरकडे दातीर. सबंध डावात त्यांनी एकही वाइड फुकट दिला नाही, आणि आमच्या स्पर्धेत ही बातमी आहे. दातीर, तुमचे आभार." दातीरनं हात जोडले. मुद्दामच मी आधी त्यांचं घेतलं. एकट्या रज्जाकभाईंचं घेतलं असतं तर ती सारवासारव वाटली असती.

"स्क्वेअर लेगला रज्जाकभाई शेख," मी म्हणालो. मागं सतरंजी हलली. दोघं जण गुडघ्यावर आले. "शेवटच्या चेंडूवर त्यांनी आमच्या संदीपला रन-आऊट दिलं. कप त्या एका बोटावर होता. संदीप म्हणतो बॅट रेघेवर होती. रज्जाकभाईही म्हणतात रेघेवर होती. दोघांचं एकमत आहे. वाद आहे तो रेघ कुणाची एवढाच, आणि आम्ही मोजणीवाले, आम्हाला दुसरा वाद येतोच कुठं?" लोक मोठ्यानं हसले. मी थांबलो, कारण पुढचं हसण्यावारी जायला नको होतं. "क्रिकेटात रेघेवरचा माणूस आऊट असतो. रज्जाकभाई त्याला नॉट आऊट देऊ शकत होते. आपल्याकडं तसंच देतात. लोंढेसाहेबांनी थोडी कुरकूर केली असती आणि जेवायला बसले असते. कप आमच्या कपाटात असता. त्यांना हे सगळं माहीत होतं आणि जोडीदार संदीपच आहे हेही माहीत होतं. तरी त्यांनी जे दिसलं ते दिलं. आम्ही रोज लोकांच्या हद्दी दाखवतो आणि लोक आम्हाला विचारतात, साहेब, तुम्ही कुणाच्या बाजूचे? आज मला त्याचं उत्तर मिळालं. रज्जाकभाई, आम्ही हरलो. मला वाईट वाटतंय. आणि तुम्ही आमच्या ऑफिसात आहात याचा मला फार अभिमान वाटतो. दोन्ही खरं आहे."

टाळ्या झाल्या, पण आमच्या बाजूनं नाही. आमची माणसं उठूनही गेली नव्हती. गुडघ्यावर आलेले तसेच राहिले होते, ना बसलेले ना उभे. मी घाईनं आमच्या खेळाडूंची नावं घेतली. संदीपच्या धावा सांगितल्या आणि म्हटलं, "तो नसता तर आम्ही शेवटच्या चेंडूपर्यंत आलोच नसतो." त्यानं वर पाहिलं नाही. मग शाळा, टँकर, स्कोअर, माइकवाला. संपलं. मी माइक खाली ठेवायला वाकलो आणि मनात म्हटलं, फसलं. भाषण बरं झालं, काम नाही झालं.

तेवढ्यात लोंढ्यांनी कप खुर्चीवर ठेवला आणि माझ्या हातातून माइक घेतला. जिंकलेल्या कॅप्टननं बोलायचा आमच्याकडं रिवाज नाही. कुणीतरी "ओ, ओ" केलंही. पण लोंढ्यांना अडवणार कोण?

"मला भाषन न्हाई करायचं," ते म्हणाले. "एक अर्ज हाय. म्होरच्या वर्षी आमची बॅटिंग आसंल तवा अंपायर म्हनून ह्ये रज्जाकभाई द्या आमाला. आमच्या मानसांवर आमचाच भरवसा न्हाई. अण्णा, रीत मोडंल ती मोडंल, पन मानूस द्या."

सगळं मैदान हसायला लागलं. साहेबही उठता उठता थांबून हसले. मी काय उत्तर द्यावं याचा विचार करत होतो, तोच सतरंजीच्या काठावरून संदीप ताडकन उभा राहिला. चेहरा लाल, टी-शर्टच्या छातीवर पांढरी फक्की तशीच.

"ओ लोंढे," तो तिथूनच ओरडला, "आमचे चाचा हाईत ते! आमी न्हाई देनार! तुमचे तुमी तयार करा!"

ओरडून झाल्यावर आपण काय बोललो ते बहुतेक त्याच्या लक्षात आलं. तो तसाच उभा राहिला, हाताचं काय करावं ते न कळून. आता आमच्या बाजूच्या टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. मला डोळे पुसावे लागले. धूळ फार होती, पण धुळीमुळं नाही.

रज्जाकभाई खांबापासून निघाले, चप्पल ओढत संदीपपाशी आले. पिचवरून निघाल्यापासून त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"उद्या वाळकीची मोजनी हाय," ते म्हणाले. "सकाळी लवकर निघू. गाडी तू काढ."